गाडीत म्युझिक सिस्टीम बसवताना: वायरिंगचा क्रम, अर्थिंग आणि स्पीकरमधली ती ‘कुंई’

माझा मावसभाऊ एका रविवारी गाडी घेऊन आला. म्हणाला, “दादा, जरा ऐक ना, ॲक्सिलरेटर दिला की टर्बोसारखा आवाज येतोय.” गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, टर्बोचा तिच्याशी संबंधच नाही. बॉनेट उघडलं तर इंजिन शांत. आवाज येत होता दाराच्या स्पीकरमधून. आठ दिवसांपूर्वी नवं हेड युनिट, म्हणजे डॅशमधला स्टिरिओ, आणि चार चॅनलचा ॲम्प बसवून घेतला होता. सामान उत्तम होतं, वायरिंग मात्र कसंतरी गुंडाळलेलं.

ही ‘कुंई’ घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांनी आधी महागडा नॉइज फिल्टर लावून पाहिलेला असतो. दोष साधारण तीनच ठिकाणी सापडतो: अर्थ, म्हणजे करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी वायर, रंगावर बसवलेला, सिग्नलची केबल पॉवर केबलला बांधून आणलेली, किंवा जोडणीचा क्रम उलटा. म्हणून खाली क्रमाने जातो. उदाहरणाला भावाचीच गाडी घेऊ: हेड युनिट, डिकीत प्रत्येक चॅनलला ५० वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत ५० वॅट देऊ शकणारा, चार चॅनल ॲम्प, चार दारांत चार स्पीकर. सबवूफर नाही.

## तयारी: पाना हातात घेण्याआधी

जुना स्टिरिओ चालू असतानाच बॅलन्स आणि फेडर फिरवून चारही स्पीकर एकेक करून ऐका. एखादा आधीपासून बंद असेल तर आत्ताच कळू द्या, नाहीतर नंतर नव्या वायरिंगवर संशय घेत बसाल.

मग मल्टिमीटरने बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू इंजिनवर १३ च्याही खाली दिसत असेल तर ॲम्प बाजूला ठेवा आणि आधी अल्टरनेटर दाखवून घ्या.

आता केबलचा हिशोब. ॲम्पच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १००० वॅट लिहिलेलं असतं, त्याकडे बघू नका. आरएमएस बघा: ५० गुणिले ४, म्हणजे २०० वॅट. एबी क्लासचा ॲम्प खेचलेल्या विजेपैकी साठेक टक्केच स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे तो पूर्ण जोरात ३३० वॅट खेचणार. त्याला १३.८ ने भागलं की २४ अँपिअर. ॲम्पवरचा स्वतःचा फ्यूज ३० चा होता, तोही याच हिशोबाशी जुळतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणं धरून ५ मीटर केबल लागते. एवढ्या अंतराला १० चौरस मिमीची तांब्याची केबल घेतली तर वाटेत पाव व्होल्टपेक्षा कमी पडतं, ते चालतं.

सावध: ‘ॲम्प किट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पाकिटात बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. दिसायला जाड, पण बराचसा जाडपणा रबराचा. टोक सोलून एक तार नखाने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम. तेच वापरायचं असेल तर दोन पायऱ्या जाड घ्या. मी घेत नाही, कारण स्क्रूखाली ते कालांतराने सैल होतं.

बाकी सामान: बॅटरीजवळ लावायचा फ्यूज होल्डर आणि ४० अँपिअरचा फ्यूज, केबलच्या टोकाला लावायचं थिंबल आणि ते दाबायचा क्रिंपर, हीट श्रिंक स्लीव्ह, कापडी टेप, पॉलिश पेपर, दातेरी वॉशर, रबरी ग्रॉमेट आणि तुमच्या मॉडेलचा कपलर हार्नेस. काळी इन्सुलेशन टेप घरच्या बोर्डाला ठीक. मे महिन्यात उन्हात तापलेल्या डॅशच्या आत तिचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

## टप्पा १: बॅटरी सोडा, मग डॅश उघडा

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केलंत आणि पॉझिटिव्हचा पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी. टर्मिनल काढल्यावर लगेच डॅशमध्ये हात घालू नका, एअरबॅगसाठी काही मिनिटं थांबा. पिवळं आवरण असलेली वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजा आणि हात लावू नका.

## टप्पा २: पॉवर केबल

केबल बॅटरीकडून डिकीकडे न्या, पण फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज घालू नका. तो सगळ्यात शेवटी.

होल्डर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. ॲम्पवर स्वतःचा फ्यूज असतो, मग हा कशाला, असं लोक विचारतात. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पसाठी असतो, बॅटरीजवळचा केबलसाठी. वाटेत केबलचं रबर घासून तांबं बॉडीला लागलं तर ॲम्पवरच्या फ्यूजला पत्ताही लागत नाही, आणि बॅटरी शेकडो अँपिअर त्या केबलमधून ढकलते. होल्डर बॅटरीपासून लांब असेल तर मधला तुकडा तसाच उघडा राहतो.

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून केबल नेताना शक्यतो गाडीचाच ग्रॉमेट शोधा आणि त्याला बारीक चीर द्या. नवं भोक पाडावंच लागलं तर आधी पलीकडे काय आहे ते बघा, कडा कानशीने घासा आणि ग्रॉमेट बसवूनच केबल ओवा. पत्र्याची उघडी धार वर्षभराच्या थरथरीत रबर कापते.

आत आल्यावर केबल एका बाजूच्या दाराखालच्या पट्टीतून मागे न्या. बॅटरी ज्या बाजूला, तीच बाजू सोयीची. ती बाजू लक्षात ठेवा, चौथ्या टप्प्यात लागणार आहे.

तपासणी: सगळी केबल टाकून झाल्यावर, दोन्ही टोकं मोकळी असताना, केबल आणि बॉडी यांच्यात मीटरचा बीप मोड लावा. बीप वाजला तर कुठेतरी केबल सोलली आहे.

## टप्पा ३: अर्थ

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. पॉझिटिव्हमधून जेवढा करंट येतो तेवढाच अर्थमधून परत जातो. म्हणून अर्थची केबलही तेवढ्याच जाडीची, म्हणजे आपल्या गाडीत १० चौरस मिमीची, आणि लांबी ४५ सेंटिमीटरच्या आत.

भावाच्या गाडीत अर्थ मागच्या सीटच्या बोल्टखाली दाबलेला होता. बोल्ट घट्ट होता, केबल जाड होती, सगळं बघायला ठीक. पण त्या बोल्टखाली रंग होता, आणि रंग म्हणजे इन्सुलेशन. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांतून जेमतेम. शिवाय सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट आपल्या जिवासाठी आहेत, त्यांच्याखाली थिंबल घालून त्यांची बैठक बिघडवू नये.

बरोबर पद्धत अशी. डिकीत बॉडीचाच, म्हणजे वेल्ड केलेल्या जाड पत्र्याचा भाग निवडा. नटबोल्टवर लटकणारा ब्रॅकेट नको. पत्र्यामागे काय आहे ते गाडीखाली वाकून बघा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तिथे ड्रिल लावणं म्हणजे आपल्या हाताने चिता रचणं. जागा ठरली की थिंबलच्या आकारापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. प्रायमरचा राखाडी थर धातूसारखा दिसतो, त्याला फसू नका. मग बोल्ट, दातेरी वॉशर, थिंबल, पत्रा आणि मागून नट. पत्र्यात आटे पाडत जाणारा स्क्रू लावू नका, थरथरीने त्याचं भोक मोठं होत जातं. घट्ट केल्यावर वरून आणि मागून रंगाचा किंवा ग्रीसचा हात द्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात तिथेच गंज धरेल.

अर्थ चांगला आहे का हे ओहममध्ये मोजून कळत नाही. साध्या मीटरची दोन टोकं एकमेकांना लावली तरी तो ०.३ ओहम दाखवतो. आपल्याला हवा तो फरक त्याच्या शंभराव्या हिश्शाचा. खरी चाचणी सातव्या टप्प्यात, करंट वाहत असताना.

## टप्पा ४: आरसीए आणि रिमोट वायर

हेड युनिटकडून ॲम्पकडे गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबल पॉवर केबलच्या समोरच्या बाजूने किंवा गिअरच्या बोगद्याशेजारून न्या. कुठे एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. एकाच पट्टीखाली दोन्ही बांधून आणल्या की काम पटकन होतं, आणि पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक परत येतं.

जास्तीच्या आरसीएचं वेटोळं करून डॅशमागे कोंबू नका, योग्य लांबीची केबल घ्या. हेड युनिटबरोबर ॲम्प चालू-बंद करणारी बारीक निळी-पांढरी रिमोट वायर आरसीएसोबत आली तरी हरकत नाही. तिच्यातून नगण्य करंट जातो.

## टप्पा ५: स्पीकर

प्रत्येक स्पीकरला ॲम्पपासून स्वतःची दोन तारांची जोडी, १.५ चौरस मिमीची. कंपनीच्या बारीक वायरीही ५० वॅटला चालतात, त्यामुळे दाराच्या कपलरमधून नवी वायर जात नसेल तर दारातल्या शेवटच्या तुकड्यासाठी जुनी वापरायला हरकत नाही. दारातून नवी न्यायचीच तर दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतूनच. दोन टोकांना थोडा ढिलावा ठेवा आणि दार पूर्ण उघड-मीट करून बघा.

स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लावायची नाही. जुन्या गाड्यांत वाढलेले मेकॅनिक ती सवयीने लावतात. आजच्या हेड युनिटमध्ये आणि काही ॲम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी ‘जिवंत’ असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो किंवा जळतो.

पोलॅरिटी नक्की करायला घड्याळाचा १.५ व्होल्टचा सेल पुरतो. ॲम्पकडच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं प्लस ज्या वायरला लावल्यावर स्पीकरचा कोन बाहेर येतो, ती प्लस. एका बाजूची उलटी झाली तर आवाज येतो, गाणंही वाजतं, पण ढोलकीतला दम निघून जातो आणि गायक गाडीत नेमका कुठे आहे तेच समजत नाही. माणसं मग इक्वलायझरचा बेस वाढवत बसतात.

सावध: दाराचं पॅनेल काढलं की आत प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाडून टाकू नका. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत उतरणं हे ठरलेलंच आहे, पडदा ते पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. काढताना डिंकासकट जपून काढा आणि परत चिकटवा. स्पीकर बसवल्यावर काच पूर्ण खाली करून बघा, मॅग्नेटला अडते का.

तपासणी: ॲम्पच्या टोकाला प्रत्येक जोडी मीटरने मोजा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो. दोघांपैकी कुठलीही वायर बॉडीशी बीप देता कामा नये.

## टप्पा ६: हेड युनिटचा कपलर

गाडीचा मूळ कपलर कापू नका. हार्नेसला काही शे रुपये पडतात, आणि गाडी विकताना जुना स्टिरिओ परत लावता येतो.

नव्या युनिटच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले: पिवळी कायम चालू, लाल किल्ली फिरवल्यावर, काळी अर्थ, केशरी दिव्यांची, निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोटची. गाडीच्या वायरींचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे. रंगावर विसंबू नका, मीटर लावा. त्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडावी लागते, मोजून झालं की पुन्हा सोडा. किल्ली काढलेली असताना १२ व्होल्ट देते तिला पिवळी, किल्लीवरच देते तिला लाल. या दोन्हींची अदलाबदल झाली तर दर वेळी घड्याळ आणि सेटिंग पुसली जातात.

ॲम्पसाठी करंट इथल्या पिवळ्या वायरीतून घ्यायचा मोह टाळा. ती वायर आणि तिचा फ्यूज एकट्या स्टिरिओसाठी आहे.

## टप्पा ७: पहिल्यांदा चालू करणं

इथे क्रम चुकला तर नुकसान होतं. ॲम्पला आधी अर्थ, मग पॉवर केबल, मग रिमोट. आरसीए दोन्ही टोकांना लावून घ्या. स्पीकरच्या वायरी अजून मोकळ्या. मग बॅटरीचं निगेटिव्ह, आणि शेवटी होल्डरमध्ये फ्यूज. चालू सिस्टीमवर आरसीए काढघाल कधीच करायची नाही. का ते पुढे येतंय.

ॲम्पचा दिवा हिरवा लागला की गेन लावा. तो व्हॉल्यूमचं बटण नाही, हेड युनिटचा सिग्नल आणि ॲम्प यांची सांगड घालणारा स्क्रू आहे. ५० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचं वर्गमूळ १४.१. म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट एसी आले की ॲम्प ५० वॅटला पोहोचला. बास-ट्रेबल शून्यावर, ॲम्पचे फिल्टर बंद, हेड युनिटचा आवाज कमालीच्या तीन चतुर्थांशावर. पेन ड्राइव्हवर १०० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन वाजवा आणि गेन तळापासून हळूहळू वाढवत १४ व्होल्टवर थांबा. उंच पट्टीच्या टोनने करू नका, स्वस्त मीटर तिथे चुकीचं दाखवतो.

सगळं बंद करा, स्पीकर जोडा, आणि दाराच्या स्पीकरसाठी खालचे खोल सूर अडवणारा हाय पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास लावा.

अर्थची चाचणी: इंजिन चालू, गाणं जोरात. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूवर, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टपेक्षा कमी हवं. भावाच्या गाडीत ०.६ निघालं. पत्रा घासून नवा बोल्ट लावल्यावर ०.०४.

## टप्पा ८: आवाज उरलाच तर

भावाच्या गाडीत अर्थ सुधारल्यावर कुंई कमी झाली, पण गेली नाही. तिथून पुढे अंदाजाने फिल्टर लावायचे नाहीत, एकेक भाग वेगळा काढायचा.

आधी आवाज ओळखा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुंई अल्टरनेटरची. वेगाशी संबंध नसलेला एकसारखा ‘श्श’ बहुधा गेन जास्त असल्याचा. फोन चार्जरला लावल्यावरच येणारी घरघर चार्जरची. त्यासाठी ऑक्स केबलऐवजी ब्लूटूथ वापरा किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

कुंई का येते? अल्टरनेटरच्या डीसीमध्ये थोडी लहर उरतेच. हेड युनिटचा अर्थ पुढे, ॲम्पचा मागे. दोन्ही ठिकाणच्या बॉडीत किंचित फरक पडला की ती लहर आरसीए केबलच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून वाट काढते, आणि ॲम्प तिला गाणं समजून मोठं करतो.

शोधण्याचा क्रम असा. सिस्टीम बंद करा, ॲम्पकडचे आरसीए काढा, चालू करा. कुंई तशीच आली तर दोष ॲम्पच्या पॉवर किंवा अर्थमध्ये. शांतता झाली तर ॲम्प निर्दोष, दोष पुढे. मग बंद करून दुसरी आरसीए केबल सीटवरून उघडी टाकून जोडा. आता कुंई गेली तर जुन्या केबलचा मार्ग चुकला आहे. तरीही राहिली तर दोष हेड युनिटपाशी. त्याचा काळा अर्थ हार्नेसमधून काढून डॅशमागच्या उघड्या धातूवर वेगळा लावून बघा.

भावाच्या गाडीत हेही करून झालं, कुंई तिथेच. मग सिस्टीम बंद करून, आरसीए सोडून, मीटरचं एक टोक हेड युनिटच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं त्याच्या धातूच्या पेटीला लावलं. बीप यायला हवा होता, आला नाही. काही हेड युनिटमध्ये त्या कड्याच्या वाटेवर अगदी बारीक फ्यूज असतो. ॲम्पचा अर्थ ढिला असताना आरसीए जोडला की ॲम्पचा सगळा करंट परतीची वाट म्हणून आरसीएची जाळी पकडतो आणि तो फ्यूज जातो. म्हणून आधी अर्थ, आणि म्हणून चालू सिस्टीमवर आरसीएला हात नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बोर्ड उघडून अर्ध्या तासात तो बदलून दिला.

## दुसऱ्या दिवशी सकाळी

गाडी बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली, वीसेक मिनिटं गेलेली. बॅटरीचं निगेटिव्ह काढून मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेवर जोडा. ०.०५ अँपिअर किंवा कमी दिसलं तर ठीक. अर्धा-एक अँपिअर दिसला तर ॲम्प झोपलेलाच नाही; त्याची रिमोट वायर कुणीतरी कायम चालू असलेल्या पिवळ्याला जोडली आहे, आणि दोन-तीन दिवस उभी राहिली तर गाडी धक्का मारून चालू करावी लागेल. मीटर मध्ये असताना मात्र किल्ली फिरवू नका, स्टार्टरचा करंट मीटरचा फ्यूज उडवतो.